आईचे फडके आणि माझी कॉफी

कांजूरमार्ग स्थानकाच्या पश्चिमेस आमचे भांड्यांचे लहानसे दुकान आहे. वडील सांगलीकडून मुंबईत आले आणि त्यांनी ते थाटले. आज मी आणि माझा मुलगा ते चालवतो. सकाळी साडेनऊला कुलूप उघडल्यापासून दिवेलागणीपर्यंत माझी बैठक गल्ल्याजवळ असते आणि माझ्या उजव्या हाताला एक थर्मास असतो. त्या थर्मासात काय असते, हे ठाऊक नाही असा माणूस आमच्या गल्लीत नसेल. आम्लपित्ताच्या त्रासामुळे सहा वर्षांपूर्वी मी चहा सोडला आणि कॉफी धरली. घरी दोन पेले, दुकानात तीन, असे दिवसाचे पाच पेले सूर्यास्तापूर्वी होतात. या कॉफीने मला वर्षभर एका विचित्र आरोपाच्या छायेत ठेवले, आणि तिची उकल झाली तेव्हा ती माझ्याच दुकानात, माझ्याच फळीवर, विक्रीला ठेवलेली निघाली. त्याची ही हकीकत.

गेल्या वर्षी पौष महिन्यात मी रक्ततपासणी करून घेतली. माझे थोरले बंधू बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, त्यामुळे आमच्या घरात या तपासणीकडे कोणी सहज पाहत नाही. अहवाल आला तो असा : एकूण कोलेस्टेरॉल २३६, त्यातील एलडीएल, म्हणजे ज्याला सर्वजण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १५८. आदल्या तपासणीतील आकडे यापेक्षा बरेच कमी होते. अंडे, मांस, मद्य यांचा आमच्या घराशी कधी संबंध आला नाही. तुपाचे प्रमाण पत्नीने बंधूंच्या मृत्यूनंतरच निम्म्यावर आणले होते. तळण आठवड्यातून एकदा. मग हे वाढले कोठून?

या प्रश्नाचे उत्तर घरातील प्रत्येकाने आपापल्या परीने शोधले आणि सर्वांचे बोट माझ्याकडे वळले. मुलाला वाटले की दुपारी तो मालाची उधारी वसूल करायला बाहेर पडला की मी समोरच्या गाडीवरून काही मागवीत असेन. त्याने ते बोलून दाखवले नाही. पण दुकानातील मुलाला त्याने आडून विचारले आणि त्या मुलाने मला सांगितले. पत्नीला वेगळेच दुःख होते. "अहो, माझ्या हातच्या जेवणात कोठे चुकते ते तरी सांगा," असे ती एके रात्री म्हणाली, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिने उरलेले तूपही बंद केले. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, एलडीएल १५६. तूप गेले, घरातील मोकळेपणा गेला, आकडा मात्र जागचा हलला नाही.

तो दुसरा अहवाल घेऊन मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले, थायरॉइडची तपासणी सांगितली, ती ठीक निघाली. मग पुढच्या भेटीत त्यांची दृष्टी माझ्या पिशवीतील थर्मासकडे गेली.

"शेठ, यात चहा आहे का?"

"नाही, कॉफी."

"कशी करता?"

मला वाटले, ते साखरेचे विचारत आहेत. मी म्हणालो की साखर अगदी अर्धा चमचा. ते म्हणाले, "साखर नाही विचारत. पूड पाण्यात उकळता की नुसती विरघळवता? आणि गाळता कशातून?"

मी सांगितले : पातेल्यात पाणी, त्यात दळलेल्या कॉफीची पूड, चिमूटभर जायफळ, पाच मिनिटे चांगली उकळी, मग स्टीलच्या बारीक जाळीच्या गाळणीतून थर्मासात, आणि वरून थोडे गरम दूध. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "मग तुमच्या घरच्यांना सांगा, की स्वयंपाक आणि तुमचे चारित्र्य, दोन्हींवर ठपका ठेवण्याआधी ही गाळणी तपासून पाहू."

त्यांनी जे समजावले आणि नंतर मी जे वाचून घेतले, ते येथे सांगतो.

कॉफीच्या बीमध्ये तेल असते. त्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा एक पदार्थ असतो आणि त्याचे एक भावंड कहविओल. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवण्याचे काम मुख्यत्वे कॅफेस्टॉल करतो. कॉफी म्हटले की आपल्या मनात कॅफीन येते. परंतु या प्रकरणात कॅफीन निर्दोष आहे. कॅफीन पाण्यात विरघळते आणि कोणत्याही गाळणीतून सुखाने पार होते. कॅफेस्टॉल तेलासोबत राहतो. पूड उकळली की तेल सुटते, त्याचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगतात आणि पुडीच्या अतिबारीक कणांनाही चिकटून राहतात. धातूच्या जाळीची भोके त्या थेंबांच्या मानाने प्रचंड मोठी. चोथा अडतो, तेल आणि गाळ खाली उतरतात. कागदाचे तसे नाही. त्याच्या तंतूंच्या दाट गुंत्यात आणि वर साचलेल्या चोथ्यात हे तेल जवळजवळ सर्व अडकून पडते.

ही गोष्ट उमगली त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. नॉर्वेच्या अगदी उत्तरेस ट्रोम्सो नावाचे शहर आहे. तेथील सुमारे १४,५०० स्त्री-पुरुषांची पाहणी १९८३ साली प्रसिद्ध झाली. जो जितकी अधिक कॉफी पितो तितके त्याचे कोलेस्टेरॉल अधिक, असे तीत दिसले. परंतु इतर देशांतील कित्येक पाहण्यांत हा संबंध स्पष्ट दिसेना. मग भेद कशात आहे? भेद पातेल्यात होता. उत्तर नॉर्वेतील लोक त्या काळी भरड पूड पाण्यात उकळून, गाळ तळाशी बसला की वरची कॉफी ओतून घेत. इतरत्र अनेक ठिकाणी कागदातून गाळण्याची रीत रुळली होती. पुढे हॉलंडमधील संशोधकांनी उकळलेल्या कॉफीतील स्निग्ध भाग वेगळा काढून तो माणसांना देऊन पाहिला, कोलेस्टेरॉल वाढले. नंतर तीच उकळलेली कॉफी कागदातून गाळून दिली. वाढ दिसली नाही. १९९४ सालापर्यंत त्या तेलातील कॅफेस्टॉलचे नावही निश्चित झाले होते.

हा पदार्थ शरीरात करतो काय? आपण व्यापारी माणसे, म्हणून गोदामाचा दृष्टांत देतो. यकृत हे कोलेस्टेरॉलचे गोदाम समजावे. तेथून कोलेस्टेरॉल उठण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे त्याचे पित्ताम्लांत होणारे रूपांतर. ही पित्ताम्ले आतड्यात जाऊन चरबी पचवतात. उंदरांवरील प्रयोगांतून असे दिसले की कॅफेस्टॉल आतड्याला चकवतो. पित्ताम्ले भरपूर झाली आहेत, असा खोटा निरोप आतड्याकडून यकृताला जातो आणि यकृत त्यांचे उत्पादन कमी करते. माल उठत नाही, गोदाम भरलेले राहते, साहजिकच नवी आवक मंदावते. म्हणजे रक्तातून एलडीएल उचलून घेण्याचे यकृताचे काम कमी होते. ते मग रक्तातच फिरत राहते. कॉफीत स्वतःचे कोलेस्टेरॉल थेंबभरही नसते, तरी आपले कोलेस्टेरॉल वाढते, ते असे.

आता प्रश्न आला प्रमाणाचा. डॉक्टरांनी मला फ्रेंच प्रेसवरील एका डच प्रयोगाविषयी सांगितले आणि मी खुर्चीत जरा चुळबुळलो, कारण काचेचे ते भांडे, ज्यात पूड भिजवून वरून जाळीचा दट्ट्या दाबतात, ते माझ्या दुकानात मांडलेले असते. पवईकडील आयआयटीचे विद्यार्थी ते हौसेने नेतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ४६ निरोगी माणसे होती. निम्म्यांना रोज जवळपास एक लिटर फ्रेंच प्रेसची कॉफी, उरलेल्यांना तितकीच कागदातून गाळलेली, असे २४ आठवडे चालले. जाळीच्या कॉफीवाल्यांचे एलडीएल दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे १० एककांनी चढले. ही एकके म्हणजे आपल्या अहवालात असतात तीच, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. कॉफी बंद केल्यावर ते पुन्हा उतरले. माझे पाच पेले म्हणजे पाऊण लिटर. तेव्हा माझ्या १५६ मधील आठ-दहा एकके कॉफीची असावीत, असा डॉक्टरांचा अंदाज होता. "सगळा दोष कॉफीचा निघणार नाही," त्यांनी आधीच बजावले, "पण जो आहे तो फुकट काढता येण्यासारखा आहे."

प्रयोग करायचा तर तो नीट व्हावा, म्हणून त्यांनी तीन अटी घातल्या. पहिली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दूध, तूप, चालणे, सर्व आहे तसेच ठेवायचे. दुसरी, निदान सहा आठवडे थांबायचे, कारण हा परिणाम चढायला आणि उतरायला काही आठवडे घेतो. तिसरी अट आमच्यासाठी खास होती. "चातुर्मासात करू नका. उपवास, एकासने, हिरव्या भाज्या बंद. तुमचा आहारच बदलतो. मग आकडा कशामुळे हलला ते कळणार नाही." म्हणून आम्ही दिवाळीचा फराळ संपेपर्यंत थांबलो आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर पंधरा दिवसांनी, रोजचा आहार पूर्ववत झाल्यावर, पुन्हा एक तपासणी करून प्रारंभ केला. एलडीएल १५८, एकूण २३६, पौषातलेच आकडे.

कागदाचे फिल्टर आणि ते बसवायचा शंकू मी माटुंग्याहून आणला. पहिल्या दिवशी पुरती फजिती झाली. मी नेहमीप्रमाणे दुधासकट कॉफी उकळली आणि ती कागदात ओतली. दुधातील स्निग्धांश आणि प्रथिने कागदाच्या तंतूंत बसली, धार थेंबावर आली आणि शेवटी थांबलीच. दुसऱ्या दिवशी दूध वगळले, पण पूड स्टीलच्या फिल्टरसाठी दळलेली, फार बारीक होती. कागद पुन्हा तुंबला. तेव्हा दळणाऱ्याला सांगून किंचित भरड, रव्यासारखी पूड करून घेतली आणि घडी बसली.

आमची रीत आता अशी आहे. तीन पेल्यांना ४०० मिलिलिटर पाणी आणि चार सपाट मोठे चमचे, म्हणजे साधारण २४ ग्रॅम पूड. शंकूत कागद बसवून तो आधी गरम पाण्याने भिजवायचा, त्याने कागदाचा वास जातो. पूड घालून पाणी तीन-चार वेळा थोडे थोडे ओतायचे. चार मिनिटांत सर्व पाणी उतरले तर दळण योग्य. सात-आठ मिनिटे लागली तर पूड बारीक आहे. ज्यांना उकळलेल्या कॉफीचीच चव हवी, त्यांनी पूड आणि जायफळ खुशाल पाण्यात उकळावे, दोन मिनिटे गाळ बसू द्यावा आणि मग वरचे पाणी कागदातून गाळावे. उकळणे हा दोष नाही. न गाळणे हा आहे. दूध मात्र नेहमी गाळून झाल्यावर, वेगळे तापवून घालावे.

फरक डोळ्यांना दिसतो. दूध घालण्यापूर्वी दोन्ही प्रकारची कॉफी मी दोन काचेच्या पेल्यांत ओतून दुकानातील ट्यूबलाइटखाली धरली. जाळीतून आलेल्या कॉफीवर तेलाचा अस्पष्ट, रंगीत तवंग तरळत होता आणि पाच मिनिटांत तळाशी मऊ गाळ बसला. कागदातून आलेली कॉफी पारदर्शक, लालसर तपकिरी, तवंग नाही, गाळ नाही. पत्नी ते पाहत होती. ती काही बोलली नाही. उठून आत गेली आणि वापरलेला कागद उलगडून तिने त्यावर बोट फिरवले. बोट तेलकट झाले होते.

सहा आठवड्यांनी तपासणी केली. एकूण २१८, एलडीएल १४३. आणखी दोन महिन्यांनी एलडीएल १४५. मी पेढे वाटायला निघालो होतो. डॉक्टरांनी मला बसवले. पंधरा एककांची घट त्यांनी पूर्णपणे कॉफीच्या खात्यावर जमा करू दिली नाही. एकाच माणसाचे रक्त दोन दिवशी तपासले तरी काही एककांचा फरक पडतो, आणि माणसामाणसांत कॅफेस्टॉलचा परिणामही सारखा नसतो. दुसरे म्हणजे, ज्याच्या सख्ख्या भावाला बावन्नाव्या वर्षी झटका आला त्याला १४५ हा आकडा निवांत झोपू देणारा नाही. औषध सुरू करावे की नाही हा निर्णय त्यांनी कुटुंबाचा इतिहास, रक्तदाब, साखर, वय हे सर्व पाहून घेतला, आणि आज मी एक लहान गोळी घेतो. कागदाचा तुकडा गोळीची जागा घेत नाही. जे आधीच औषध घेत आहेत त्यांनी हा लेख वाचून ते थांबवू नये, अशी हात जोडून विनंती.

प्रयोग संपल्यावरच आम्ही दुधाला हात लावला. पाच पेल्यांत मी रोज ३०० मिलिलिटर फुल क्रीम दूध पीत होतो, म्हणजे १८ ग्रॅम स्निग्धांश. टोन्ड दूध घेतल्याने तो ९ ग्रॅमवर आला. हा हिशेब मी कॉफीच्या हिशेबात मिसळू दिला नाही, कारण दोन खाती एकत्र केली की नफा कोणत्या मालाचा ते समजत नाही.

माझी हकीकत ऐकून अनेक ग्राहक काळजीने विचारतात, की आम्हीही कॉफी सोडावी का. त्यांना मी आधी उलट विचारतो, की घरी कोणती कॉफी आहे. बरणीतील झटपट विरघळणारी असेल तर या बाबतीत चिंता नाही; तिच्यात हे तेल नगण्य असते. दाक्षिणात्य पद्धतीच्या स्टीलच्या फिल्टरमध्ये पूड उकळली जात नाही आणि पुडीचा दाबलेला थर काही तेल धरूनही ठेवतो. पण खाली भोके धातूचीच असतात, तेव्हा ती मधली पायरी समजावी. चिकोरीत कॅफेस्टॉल नसतो, म्हणून मिश्रणात जितकी चिकोरी तितकी कॉफी कमी. दिवसाला एखादा पेला पिणाऱ्याने याचा फार विचार करण्याचे कारण नाही. चार-पाच पेले, उकळून, जाळीतून, वर्षानुवर्षे, आणि अहवालात एलडीएल वाढलेले, अशा माणसाने मात्र गाळणीकडे पाहावे. फ्रेंच प्रेस मी आजही विकतो. पण कोलेस्टेरॉलची तक्रार सांगणाऱ्याला शेजारचा शंकू दाखवतो.

एक गोष्ट राहिली. आमची आई कॉफी उकळूनच करीत असे, तशीच जायफळ घालून. पण ती पाण्यासारखीच कॉफीही फडक्यातून गाळी. पाणी गाळण्याचे गळणे वेगळे आणि कॉफीचे मलमलचे, चौघडी केलेले फडके वेगळे; ते धुऊन खिडकीतील खिळ्यावर वाळत असे. आमचे लग्न झाले तेव्हा त्या तपकिरी डागांच्या फडक्याची पत्नीला किळस आली आणि मला लाज वाटली. भांडीवाल्याच्या घरात फडके कशाला, म्हणून मी दुकानातून स्टीलची नवी गाळणी आणली आणि फडके पत्नीने टाकून दिले. आई इतकेच म्हणाली, की यातून तेल उतरते. आम्ही दोघे हसलो होतो.

२०२५ साली स्वीडनमधील संशोधकांनी निरनिराळ्या रीतींनी केलेल्या कॉफीतील कॅफेस्टॉल मोजला. उकळलेली कॉफी कापडातून गाळल्यावर तो सुमारे तिसाव्या हिश्श्यावर आला; कागदातून गाळलेल्या कॉफीत तो त्याहूनही कमी होता. कापड वापरायचे तर ते दाट विणीचे, घडी घातलेले असावे, गाळताना पिळू नये, कारण पिळले की अडलेले तेल आणि गाळ पेल्यात उतरतात; रोज उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावे आणि खवट वास येऊ लागला की बदलावे. हे मी पत्नीला वाचून दाखवले.

"ते फडके मी टाकले होते," ती म्हणाली.

"गाळणी मी आणली होती," मी म्हणालो.

गेल्या रविवारी तिने मलमलचा एक तुकडा शिवून आणला. रोजच्या कॉफीला कागद आहे. पण सुट्टीच्या सकाळी, जायफळाची कॉफी होते तेव्हा, ती आता फडक्यातून गाळली जाते, आणि नंतर ते फडके खिडकीत वाळत असते.